पासवर्ड बरोबर आहे, तरी स्टेटमेंट उघडत का नाही? हिंट कुठे शोधायची आणि कशी वाचायची

बँकेचे स्टेटमेंट, ई-आधार, ई-पॅन किंवा आयकर खात्याचे एखादे पत्र उतरवून घ्यावे आणि उघडताना त्याने पासवर्ड मागावा, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात सतत कानावर येते. शिष्यवृत्तीचा अर्ज, शैक्षणिक कर्ज किंवा पेन्शनची कागदपत्रे असली की तर हमखास. लोक पहिल्यांदा नेट बँकिंगचा पासवर्ड टाकतात, मग एटीएमचा पिन टाकतात, मग मोबाइलवर आलेला ओटीपी. यांपैकी कशानेच ही फाइल उघडत नाही. फाइलचा पासवर्ड वेगळा असतो. तो बहुधा तुम्ही ठरवलेला नसतो, फाइल देणाऱ्याने तुमच्याच माहितीतून एका ठरलेल्या सूत्राने तयार केलेला असतो. ते सूत्र सांगणारी ओळ म्हणजे हिंट.

कुलूप का घालतात, हे आधी समजून घेतले तर हिंट कुठे असेल याचा अंदाज येतो. स्टेटमेंट ईमेलने जाते. ईमेल चुकीच्या पत्त्यावर जाऊ शकते, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर उघडे राहू शकते, किंवा प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात दिलेली फाइल तिथल्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये महिनोन्महिने पडून राहू शकते. फाइल एकदा बँकेबाहेर पडली की बँकेचा तिच्यावर ताबा उरत नाही. म्हणून मजकूर आधीच सांकेतिक करून पाठवतात. ओटीपी इथे चालत नाही, कारण फाइल इंटरनेट नसतानाही आणि पाच वर्षांनीही उघडता आली पाहिजे. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून पाठवला तर कुलपाला अर्थच राहत नाही. मग उरते ती दोन्हीकडे आधीपासून असलेली माहिती: नाव, जन्मतारीख, पॅन, ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाइल. तिच्यातले तुकडे जोडून पासवर्ड बनतो आणि मेलमध्ये फक्त कोणते तुकडे घ्यायचे तेवढे सांगितले जाते.

आता हिंट सापडत का नाही ते पाहू. सगळ्यात मोठे कारण म्हणजे फाइल मूळ जागेवरून सुटी झालेली असते. ऑनलाइन कामे करून देणाऱ्या सेंटरमधला मुलगा किंवा घरातली मुलगी मेलमधली फक्त पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवते आणि हिंट मेलच्या मजकुरातच राहते. म्हणून पहिले काम हे, की फाइल ज्या मेलमधून आली ते मूळ मेल उघडायचे. जीमेलच्या शोधपट्टीत असे टाकले की पीडीएफ जोडलेली आणि मजकुरात पासवर्डचा उल्लेख असलेली मेल वर येतात:

```
filename:pdf password
```

मेल सापडले की ते शेवटपर्यंत वाचा. हिंट बहुधा खाली, बारीक अक्षरांत, सही आणि सूचनांच्या आसपास असते. मेल फार लांब असेल तर जीमेल ते मध्येच कापते आणि खाली `View entire message` असा दुवा ठेवते. तो दाबल्याशिवाय शेवटचा भाग दिसत नाही आणि हिंट नेमकी तिथे असू शकते. काही बँका सूचना चित्राच्या रूपात टाकतात. मेलमधली चित्रे बंद असतील तर तिथे रिकामी चौकट दिसते. ‘चित्रे दाखवा’ हा पर्याय निवडा.

फाइल मेलने न येता पोर्टलवरून थेट उतरवली असेल, तर हिंट उतरवण्याच्या त्याच पडद्यावर असते. बटणाच्या खाली एखादी ओळ, किंवा फाइल उतरल्यावर क्षणभर येणारी चौकट. आपण ती न वाचता बंद करतो. `myaadhaar.uidai.gov.in` वरून ई-आधार उतरवताना असेच होते. अशा वेळी पुन्हा लॉगिन करून तीच फाइल परत उतरवायची आणि या वेळी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा. तेही जमले नाही तर त्या पोर्टलच्या ‘नेहमीचे प्रश्न’ या पानावर बघा. इंटरनेटवर कुणी तरी लिहिलेल्या यादीवर मात्र विसंबू नका. एकाच बँकेचे बचत खात्याचे, क्रेडिट कार्डाचे आणि कर्जाचे सूत्र निरनिराळे असू शकते, आणि बँका सूत्र बदलतातही.

हिंट हातात आली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे ती अक्षरशः वाचण्यात आहे. `DDMM` म्हणजे दिवस आणि महिना, चार अंक. `DDMMYY` म्हणजे सहा अंक, `DDMMYYYY` म्हणजे आठ. १ जून १९७८ ही तारीख पहिल्यात `0106`, दुसऱ्यात `010678` आणि तिसऱ्यात `01061978` होते. मध्ये रेघ, टिंब किंवा मोकळी जागा टाकायची नाही आणि सुरुवातीचे शून्य गाळायचे नाही. `UPPER CASE` किंवा `CAPITAL` म्हटले असेल तर मोठी अक्षरे, `lower case` म्हटले असेल तर लहान. पासवर्डमध्ये `SAVI` आणि `savi` हे पूर्ण वेगळे शब्द आहेत.

सरकारी कागदांची तीन सूत्रे पक्की आहेत, ती इथेच सांगून टाकतो. ई-आधारला इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष लागते. ई-पॅनला नुसती जन्मतारीख, `DDMMYYYY`. आयकर पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आणि विवरणपत्र तपासून झाल्यावर मेलने येणारे १४३(१)चे पत्र, या दोन्हींना पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख. पॅन `ABCDE1234F` आणि तारीख १ जून १९७८ असेल तर पासवर्ड `abcde1234f01061978`. इथे बहुतेक जण अडतात ते पॅन कार्डावर मोठ्या अक्षरांत आहे म्हणून तसाच टाकल्यामुळे.

ई-आधारच्या नावाचा नियम नीट पाहण्यासारखा आहे. आधार प्राधिकरणाने स्वतः दिलेल्या उदाहरणांत `SURESH KUMAR` चे `SURE1990` होते, `SAI KUMAR` चे `SAIK1990`, `P. KUMAR` चे `P.KU1990` आणि `RIA` चे `RIA1990`. म्हणजे नावांमधली मोकळी जागा गळते, टिंब मात्र मोजले जाते, आणि नाव चार अक्षरांपेक्षा लहान असेल तर आहे तेवढेच घ्यायचे. आपल्याकडे कर्नाटकी पद्धतीने आद्याक्षरे आधी लिहिलेली आधार कार्डे पुष्कळ आहेत. कार्डावर `S. M. PATIL` असे असेल तर पहिली चार अक्षरे `S.M.` आणि `S M PATIL` असे टिंबांशिवाय असेल तर `SMPA`. टिंब आहे की नाही हे डोळे ताणून बघावे लागते.

सीमाभागात अडचण नेमकी इथे वाढते. आपण घरात लता म्हणतो, शाळेच्या मराठी दाखल्यावर लता आहे, आणि इंग्रजीत आपण `LATA` लिहितो. पण कर्नाटकात ‘त’साठी `TH` लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे आधार केंद्रात नाव `LATHA` असे चढलेले असते. पासवर्ड `LATH1978` होतो आणि माणूस `LATA1978` टाकत बसतो. नितीनचे `NITI` की `NITH`, गीताचे `GITA` की `GEET`, दीपकचे `DIPA` की `DEEP`, हाच घोळ. कार्डावरचे कन्नड नाव वाचून इंग्रजी स्पेलिंग मनाने लावायचे नाही. कार्डावर जे इंग्रजी नाव छापले आहे त्याचीच अक्षरे घ्यायची.

दुसरी अडचण तारखेची. पन्नाशी-साठीच्या पिढीत ज्यांचा जन्मदाखला नाही, त्यांची शाळेच्या रजिस्टरात तारीख १ जून घातलेली असते, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. काहींच्या आधारावर फक्त जन्मवर्ष असते. बँकेचा फॉर्म भरताना कुणी तरी १ जानेवारी लिहून मोकळे झालेले असते. पॅन कार्डावर तिसरीच तारीख निघते. हिंटमध्ये ‘तुमची जन्मतारीख’ म्हटलेले असले तरी ती फाइल देणाऱ्याच्या नोंदीतली जन्मतारीख असते. खरा वाढदिवस कोणता, याच्याशी फाइलला देणेघेणे नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाला मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी वडिलांच्या खात्याचे वर्षभराचे स्टेटमेंट द्यायचे आहे. बँकेच्या मेलमध्ये हिंट अशी आहे:

```
First 4 letters of your name in lower case
followed by DDMM of your date of birth
```

वडिलांच्या आधारावर नाव `MARUTI LAXMAN PATIL` आणि फक्त वर्ष १९७१. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९७१. मुलाने `maru0106` टाकले, उघडले नाही. मग त्याने `MARU0106`, `maru1971`, `maruti0106` असे हाताला येईल ते टाकले आणि फाइलच खराब आहे असे ठरवले.

इथे घाई न करता एका कागदावर दोन रकाने करायचे. पहिल्यात नावाचे संभाव्य तुकडे, दुसऱ्यात तारखेचे. नावासाठी पासबुकाचे पहिले पान उघडायचे. तिथे बँकेने छापलेले नाव बँकेच्या नोंदीतून आलेले असते. समजा, पासबुकावर `PATIL MARUTI LAXMAN` आहे, आडनाव आधी. जुनी खाती अशी उघडलेली पुष्कळ आढळतात. म्हणजे नावाचे दोन तुकडे झाले: `maru` आणि `pati`. तारखेसाठी पॅन कार्ड काढायचे, कारण बँकेने केवायसीला पॅन घेतलेला असतो. पॅनवर १ जून निघाली, तरी १ जानेवारीची शक्यता ठेवायची. म्हणजे `0106` आणि `0101`. आता चारच जोड्या होतात: `maru0106`, `maru0101`, `pati0106`, `pati0101`. एकेक करून टाकायचे आणि चुकलेला खोडायचा. या उदाहरणात `pati0106` ने फाइल उघडते. दर वेळी एकच गोष्ट बदलली म्हणजे चूक नावात होती की तारखेत, हेही कळते, आणि पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटला पुन्हा शोध घ्यावा लागत नाही.

चार-आठ वेळा चुकले म्हणून खाते बंद पडेल ही भीती इथे बाळगू नका. ती मर्यादा नेट बँकिंगच्या लॉगिनला असते. आपल्या मोबाइलवर उतरलेली पीडीएफ बँकेला काही कळवत नाही आणि प्रयत्न मोजत नाही. पण याच कारणाने हे कुलूप कच्चेही आहे. `DDMM` च्या जोड्या जास्तीत जास्त ३६६. ज्याला तुमचे नाव माहीत आहे तो नेटाने बसला तर फाइल उघडू शकतो. अनोळखी हातांपासून ते वाचवते, ओळखीच्या हातांपासून फारसे नाही. म्हणून फाइल आणि पासवर्ड एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नये आणि सेंटरमध्ये काम झाल्यावर ‘डाउनलोड्स’मधून फाइल समोरच पुसून घ्यावी.

जोड्या सगळ्या संपल्या तरी उघडत नसेल तर कीबोर्ड तपासा. आपल्या मोबाइलवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड असतात. मराठी कीबोर्डवरून टाकलेले `०१०६` आणि इंग्रजीतले `0106` हे फाइलच्या लेखी वेगळे आहेत, कन्नड अंकांचेही तेच. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे हे लक्षातही येत नाही. चौकटीशेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे दिसतात का पाहा. ते नसेल तर पासवर्ड आधी नोट्समध्ये लिहा, नीट वाचा आणि मग तिथून चिकटवा. चिकटवताना शेवटी मोकळी जागा येत नाही ना, तेवढे बघा. एखाद्या मोबाइल अ‍ॅपमध्ये फाइल हट्टाने उघडत नसेल तर तीच फाइल संगणकावर क्रोममध्ये उघडून पाहा.

कधी दोष पासवर्डचा नसतोच. पासवर्ड चुकला की अ‍ॅप पुन्हा पासवर्ड विचारते. पासवर्ड न विचारताच ‘फाइल उघडता येत नाही’ असे आले, तर फाइल अर्धवट उतरलेली असते किंवा लॉगिन संपल्यामुळे पीडीएफऐवजी दुसरेच पान जतन झालेले असते. तिचा आकार बघा. वर्षभराचे स्टेटमेंट शून्य किंवा एक-दोन केबीचे असू शकत नाही. अशी फाइल पुन्हा उतरवायची.

संयुक्त खात्यात माहिती बहुधा पहिल्या नावाच्या खातेदाराची लागते. पासबुक बायकोच्या हातात असले तरी पहिले नाव नवऱ्याचे असेल तर त्याची तारीख आधी टाकून बघा.

जुन्या फायलींबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. पासवर्ड फाइल तयार होते त्या क्षणी तिच्यात पक्का होतो. नंतर तुम्ही मोबाइल नंबर बदला, नाव दुरुस्त करा, जुनी फाइल जुन्याच माहितीने उघडते. भारतीय स्टेट बँकेच्या `ESTMT` या एसएमएस सेवेत तर पासवर्ड तुम्ही स्वतः त्या एसएमएसमध्ये लिहिलेला चार अंकी कोड असतो. तो विसरला तर नवा कोड लिहून नवे स्टेटमेंट मागवायचे. बँका विलीन झाल्या तिथेही हाच प्रश्न येतो. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये गेली. १ मे २०२५ ला कर्नाटक विकास ग्रामीण बँक आणि कर्नाटक ग्रामीण बँक एकत्र झाल्या. विलीनीकरणात ग्राहक क्रमांक बदलला असेल आणि सूत्र ग्राहक क्रमांकाचे असेल, तर आधीचे स्टेटमेंट जुन्या पासबुकावरच्या क्रमांकाने उघडते. म्हणून विलीन बँकेचे जुने पासबुक फेकू नका. ते नसेल तर शाखेत जाऊन ‘फाइलचे कुलूप काढून द्या’ असे म्हणण्यात अर्थ नाही. शाखेत सहसा अशी फाइल उघडून मिळत नाही. त्या काळाचे स्टेटमेंट नव्याने द्या, असा अर्ज करायचा आणि सोबत आपल्या नोंदीतले नाव व जन्मतारीख काय आहे हेही विचारून घ्यायचे.

या शोधाशोधीचा फायदा घेणारेही फोन करतात. ‘स्टेटमेंट उघडून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणारा माणूस बँकेचा नसतो. ई-आधार उतरवताना ओटीपी लागतो, पण उतरलेली फाइल उघडायला ओटीपी, एटीएमचा पिन किंवा कार्डाच्या मागचे तीन आकडे कधीच लागत नाहीत. स्टेटमेंटच्या नावाने `.apk` ने संपणारी फाइल आली तर ती स्टेटमेंट नाही, अ‍ॅप आहे. ती न उघडता पुसून टाका.

शेवटचा अडथळा फाइल उघडल्यावर येतो. अर्जाचे पोर्टल कुलपाची पीडीएफ घेत नाही, किंवा घेते आणि तपासणारा अधिकारी ‘फाइल उघडत नाही’ म्हणून अर्ज परत पाठवतो. त्यासाठी फाइल पासवर्ड टाकून क्रोममध्ये उघडायची, `Print` निवडायचे, प्रिंटरच्या जागी `Save as PDF` निवडायचे आणि नव्या नावाने जतन करायचे. नवी प्रत बिनकुलपाची असते. संगणकावर `qpdf` हा कमांडने चालणारा प्रोग्राम असेल तर एका ओळीत होते:

```
qpdf --password=pati0106 --decrypt june.pdf june_open.pdf
```

‘पीडीएफचे कुलूप काढा’ म्हणणाऱ्या फुकट संकेतस्थळांवर स्टेटमेंट चढवू नका. तिथे फाइल आणि पासवर्ड दोन्ही परक्याच्या हातात जातात. प्रिंट करून जतन केलेल्या प्रतीत एक उणीव राहते. ई-आधारवरची डिजिटल सही त्यात टिकत नाही, तिचे फक्त चित्र उरते. जिथे सही संगणकावर तपासली जाणार आहे तिथे मूळ फाइल आणि तिचा पासवर्ड वेगवेगळ्या मार्गाने द्या. नुसते आधार चढवायचे असेल तर डिजिलॉकरमधून उतरवलेली प्रत घ्या, तिला हा पासवर्ड लागत नाही.